सलाईनची बाटली किती उंच टांगायची?

(निफाड येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे दिली आहेत.)



निफाड तालुक्यात 'ठिबक' म्हटलं की डोळ्यासमोर द्राक्षबाग येते. काळी लॅटरल, तिच्यावरचे ड्रीपर, आणि वेलीच्या बुडाशी पडणारा एकेक थेंब. आज मी दुसऱ्या ठिबकबद्दल बोलणार आहे. दवाखान्यात खाटेशेजारी टांगलेली सलाईन. तिच्यातही थेंबच पडतात, तिलाही नळी आहे, व्हॉल्व्ह आहे, आणि तिलाही दाब लागतो. फरक इतकाच की इथे मोटर नाही. दाब कुठून येतो? बाटली वर टांगली आहे, एवढ्यावरूनच. त्यामुळे बाटलीची उंची बदलली की रुग्णाच्या शरीरात दर मिनिटाला किती पाणी जातं तेही बदलतं. चाकीला कुणी हातही लावलेला नसतो, तरी बदलतं. आजचा विषय एवढाच आहे, पण तो नीट समजून घेऊ, कारण रुग्णाजवळ रात्रभर बसणारे आपणच असतो.

उंची म्हणजेच दाब

बागायतदारांना हे सांगायला नको की टाकी दहा मीटर उंचीवर असेल तर खाली साधारण एक किलोचा दाब मिळतो. सलाईनची बाटली साधारण एक मीटर वर असते, म्हणजे तिचा दाब झाला एक किलोचा दहावा भाग. दवाखान्यात दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. त्या भाषेत एक मीटर पाणी म्हणजे सुमारे ७३ मिलिमीटर पारा.

आता ही संख्या आपल्या ब्लडप्रेशरशेजारी ठेवा. वरचं प्रेशर १२० असेल तर ते पाण्याच्या भाषेत एकशेसाठ सेंटिमीटरहून थोडं जास्त भरतं. इंग्लंडमध्ये स्टीफन हेल्स नावाच्या धर्मगुरूने हे प्रत्यक्ष करून पाहिलं होतं. घोडीच्या धमनीला त्याने उभी काचेची नळी जोडली, आणि रक्त नळीत आठ फुटांच्या वर चढलं. १७३३ साली त्याने हे छापलं. दाब उंचीत मोजता येतो, हे त्या नळीत डोळ्यांना दिसलं.

मग प्रश्न येतो की धमनीत एवढा दाब असताना मीटरभर उंचीची सलाईन आत जाते कशी? धमनीत ती जाणारच नाही, उलट रक्तच नळीत वर येईल. म्हणून सलाईन शिरेत लावतात. हृदयाकडे परत जाणाऱ्या रक्ताच्या या वाटेवर दाब अगदी कमी असतो. आडव्या झोपलेल्या माणसाच्या हातातल्या शिरेत तो साधारण दहा सेंटिमीटर पाण्याएवढा धरायला हरकत नाही. बाटलीच्या उंचीतून हे दहा सेंटिमीटर वजा करायचे. उरते ती कामाची उंची.

सलाईनच्या सेटमध्ये आणखी एक छोटी वजाबाकी आहे. बाटलीखाली जी पारदर्शक कुपी असते, जिच्यात थेंब पडताना दिसतो, तिच्यात थोडी हवा असते. त्या हवेतून थेंब मोकळा पडतो, त्यामुळे तेवढी चार-पाच सेंटिमीटर उंची दाबाच्या हिशोबात येत नाही. म्हणून सोयीसाठी आपण एकूण पंधरा सेंटिमीटर वजा करू. प्रवाह या उरलेल्या उंचीच्या प्रमाणात असतो. ती दीडपट झाली की थेंबही जवळपास दीडपट.

उंची कुठून कुठपर्यंत मोजायची?

इथे पुष्कळांची गफलत होते. वरचं टोक म्हणजे स्टँडचा हूक धरला जातो, खरं टोक आहे बाटलीतल्या पाण्याची पातळी. आणि खालचं टोक? पुष्कळांना वाटतं, जिथे सुई आहे तो हात. तेही पूर्ण बरोबर नाही.

समजा रुग्ण खाटेवर बसला आणि सुईचा हात त्याने खाली सोडला. बाटली आणि हात यांतलं अंतर चाळीस सेंटिमीटरने वाढलं. मग सलाईन जोरात धावायला हवी. पण ती फारशी धावत नाही. कारण हात खाली गेला तसं त्या हातातल्या शिरेवर, हृदयापासून हातापर्यंतच्या रक्ताच्या खांबाचं चाळीस सेंटिमीटरचं वजनही आलं. खाली सोडलेल्या हाताच्या पाठीवर शिरा फुगून दिसतात ना, त्या याच वजनाने. सलाईनचा जोर चाळीसने वाढला आणि शिरेचा विरोधही चाळीसने वाढला, हिशोब जिथल्या तिथे.

म्हणून हात हृदयाच्या पातळीला किंवा खाली असेल, तर उंची बाटलीतल्या पाण्यापासून हृदयाच्या पातळीपर्यंत मोजा. उलट, हात उशीवर चढवून हृदयाच्या बराच वर ठेवला तर तिथली शीर रिकामी होऊन चपटी पडते, तिथून वर ओढणारा खांबच राहत नाही. मग मात्र हातापर्यंतचीच उंची मोजायची, आणि ती कमी झालेली असते. थेंब हळू पडतात.

चाकी काय करते?

उंचीने दाब दिला, पण तो सगळा वापरला तर बाटली काही मिनिटांत रिकामी होईल. त्याला आवर घालते नळीवरची चाकी, म्हणजे रोलर. ती फिरवली की नळी चेपते आणि वाट अरुंद होते.

डॉक्टर सांगतात, "पाचशेची बाटली चार तासांत जाऊ द्या." सिस्टर घड्याळ धरून थेंब मोजतात. किती मोजायचे? सेटच्या पाकिटावर छापलेलं असतं की किती थेंबांचा एक मिलिलिटर होतो. मोठ्या माणसाच्या नेहमीच्या सेटला बहुतेक २० थेंब असतात. मग हिशोब असा:

एका मिनिटाचे थेंब = (एकूण मिलिलिटर × एका मिलिलिटरचे थेंब) ÷ एकूण मिनिटं

पाचशे गुणिले वीस म्हणजे दहा हजार थेंब. चार तासांची २४० मिनिटं. भागाकार येतो ४१.७, म्हणजे मिनिटाला ४२ थेंब. चाकी फिरवून ४२ वर आणली की काम झालं.

लहान मुलांसाठी मायक्रो सेट असतो, त्याला एका मिलिलिटरचे ६० थेंब. त्यात एक सोय आहे, मिनिटाला जितके थेंब तितकेच तासाला मिलिलिटर. ४२ थेंब म्हणजे तासाला ४२ मिलिलिटर. पण मोठ्या सेटवर तेच ४२ थेंब म्हणजे तासाला सुमारे १२५ मिलिलिटर. थेंबांची संख्या तीच आणि पाणी तिप्पट. म्हणून कुणी नुसतं "बेचाळीस थेंब" म्हटलं तर पहिला प्रश्न विचारायचा, सेट कोणता?

आता मुद्द्याची गोष्ट. ४२ थेंब म्हणजे मिनिटाला दोन मिलिलिटरच्या जरा वर. चाकी पूर्ण उघडली आणि मीटरभर उंची दिली तर निळ्या रंगाच्या इंट्राकॅथमधून मिनिटाला तीस-पस्तीस मिलिलिटर जाऊ शकतात. याचा अर्थ, नेहमीच्या सलाईनमध्ये जवळजवळ सगळा दाब चाकीपाशी खर्च होतो. सुईपाशी अगदी थोडा. चाकी म्हणजे एक ठरावीक अडथळा आहे. ती दर मिनिटाला किती जावं हे धरून ठेवत नाही. दाब वाढला की त्याच फटीतून जास्त पाणी जातं.

द्राक्षबागेत दोन प्रकारचे ड्रीपर मिळतात. साध्या ड्रीपरमधून उताराच्या खालच्या टोकाला जास्त पाणी पडतं. दाब सांभाळणाऱ्या ड्रीपरमधून वर-खाली सारखंच पडतं, कारण आत रबराचा पडदा असतो. सलाईनची चाकी साध्या ड्रीपरसारखी आहे. तिला उतार कळत नाही.

खाटेवरून खाली चटईवर

आता एक उदाहरण आकड्यांनिशी करून पाहू. खेड्यात, घरी सलाईन लावली आहे. भिंतीतल्या खुंटीला बाटली अडकवली आहे आणि बाटलीतल्या पाण्याची पातळी जमिनीपासून १५५ सेंटिमीटरवर आहे. आजी खाटेवर झोपल्या आहेत. त्यांच्या हृदयाची पातळी जमिनीपासून ५५ सेंटिमीटर. अंतर आलं १००. त्यातून आपले पंधरा वजा केले, कामाची उंची ८५. या स्थितीत चाकी ४२ थेंबांवर लावली. डॉक्टर दुसऱ्या घरी गेले.

तासाभराने आजी म्हणाल्या, "खाटेवर पाठ लागत नाही, खाली चटई टाका." घरच्यांनी अलगद उचलून खाली झोपवलं. नळी लांब होती, ताण आला नाही, सुई हलली नाही. सगळं व्यवस्थित दिसतंय. पण हृदयाची पातळी आता जमिनीपासून १५ सेंटिमीटर आहे. अंतर झालं १४०, पंधरा वजा जाता १२५. पूर्वी ८५ होतं. १२५ भागिले ८५ म्हणजे जवळपास १.४७. बेचाळीस थेंबांचे झाले बासष्ट. चाकी जागची हललेली नाही.

या वेगाने पूर्ण बाटली चार तासांऐवजी पावणेतीन तासांच्या आत संपेल. धडधाकट माणसाला जुलाब झाले असतील, अंगातलं पाणी गेलं असेल, तर यात काही बिघडणार नाही. पण आजींचं हृदय कमजोर असेल, किंवा मूत्रपिंड नीट काम करत नसेल, तर जास्तीचं पाणी फुफ्फुसात साचायला लागतं. खूण काय? आडवं झोपलं की दम लागतो, बसलं की बरं वाटतं. कोरडा खोकला सुरू होतो, श्वास भरभर चालतो, पुढे गेलं तर फेसाळ थुंकी येते. असं काही दिसलं तर प्रथम चाकी बंद करायची, रुग्णाला उठवून बसवायचं, आणि डॉक्टरांना बोलवायचं. सुई काढायची नाही, औषध द्यायला ती वाट लागेल.

लहान मुलात हा फरक अधिक महत्त्वाचा. दहा किलोच्या मुलाला दिवसभराच्या गरजेपुरतं पाणी म्हणजे साधारण एक लिटर धरतात, तासाला ४२ मिलिलिटर. तेच दीडपट झालं तर तासाला साठच्या वर. बाळाला खाटेवरून आईच्या मांडीवर खाली घेतलं, एवढंच निमित्त पुरतं.

म्हणून नियम सोपा आहे. रुग्णाची जागा बदलली, पलंगाचं डोकं वर केलं, स्टँड वर-खाली केला, स्ट्रेचरवर घेतलं, की थेंब पुन्हा मोजायचे. पूर्ण एक मिनिट मोजायचे. आणि जागा बदलली नसली तरी सलाईन लावल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी एकदा मोजायचे, कारण चाकीखाली चेपलेलं प्लॅस्टिक सुरुवातीला हळूहळू आपला आकार बदलत असतं आणि लावलेला वेग सरकतो.

बाटली रिकामी होत जाते तेव्हा

दुसरा बदल कुणी न हलवता होतो. बाटलीतलं पाणी खाली उतरतं, म्हणजे वरचं टोकच खाली येतं.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी अर्धवट कडक प्लॅस्टिकची बाटली असते. ती उलटी टांगली की तिच्या वर आलेल्या बुडात एक सुई टोचण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी दिसते. का टोचतात? पाणी बाहेर जातं तेवढी हवा आत आली नाही तर आत पोकळी तयार होते, ती पाण्याला मागे खेचते, बाटली चेपते आणि थेंब मंदावतात. टोचल्यावर हवा मिळते. पण त्या भोकातून धूळ आणि जंतूही येऊ शकतात. म्हणून गाळणी असलेला हवेचा मार्ग ज्या सेटमध्येच दिलेला असतो, तो सेट वापरणं चांगलं. मऊ पिशवी असेल तर हवेची गरजच नाही, ती आपोआप चपटी होत जाते.

वर सुई टोचलेल्या बाटलीत पाण्याच्या वरच्या पृष्ठावर बाहेरच्या हवेचाच दाब असतो. मग पाणी पंधरा सेंटिमीटर उतरलं की आपली ८५ ची उंची ७० होते, आणि ४२ चे ३५ थेंब होतात. म्हणजे चार तासांत संपणारी बाटली कुणी काही न करता सुमारे चार तास पंचवीस मिनिटं घेते. "सलाईन लवकर का संपत नाही?" या नेहमीच्या तक्रारीचं एक साधं कारण हे आहे.

सेटमध्येच हवेचा मार्ग असेल तर गंमत वेगळी. तिथे हवा बाटलीच्या तोंडापाशी आत शिरते आणि बुडबुडे होऊन वर जाते. म्हणून बाहेरच्या हवेचा दाब बाटलीच्या तोंडापाशी असतो. बाटली भरलेली असो की अर्धी, उंची तोंडापासूनच मोजायची, आणि ती बदलत नाही. वेग शेवटपर्यंत जवळपास सारखा राहतो. एकोणिसाव्या शतकाच्या किती तरी आधी, फ्रान्सच्या मारिओतने अशी बाटली वर्णन केली होती. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत ती अजूनही त्याच्याच नावाने ओळखली जाते.

थांबलेली सलाईन उंच करून पळवू नका

थेंब थांबले की नातेवाईक काय करतात? बाटली वर उचलतात. थेंब पुन्हा पडले की समाधान वाटतं. पण उंची ही फक्त ढकलणारी बाजू आहे. थेंब थांबले याचा अर्थ बहुतेक वेळा अडथळा वाढला आहे, आणि तो कुठे आहे हे शोधायला हवं.

वरून खाली या. बाटलीत पाणी आहे का, हवा आत येते आहे का? चाकी कुणी फिरवली का? नळी अंगाखाली, खाटेच्या कडेत दबली आहे का? हात कोपरात किंवा मनगटात मुडपला आहे का? हे सगळं ठीक असेल तर सुईपाशी या. सुईभोवती हात सुजला आहे, त्वचा ताणली आहे, गार लागते आहे, तर पाणी शिरेबाहेर मांसात जात आहे. अशा वेळी बाटली उंच केली तर थेंब पडतील, नक्की पडतील, आणि सूज वाढेल. थेंब पडतात म्हणजे पाणी शिरेतच जातं आहे, असा अर्थ होत नाही.

दवाखान्यात सिस्टर एक सोपी चाचणी करतात. चाकी उघडून बाटली क्षणभर रुग्णाच्या हृदयाच्या पातळीखाली आणतात. आता शिरेचा दाब वरचढ झाला. सुई शिरेत मोकळी असेल तर नळीत रक्त मागे दिसतं. दिसलं की लगेच बाटली वर. तीच उंची, पण इथे ती निदानासाठी वापरली. रक्त दिसलं नाही म्हणून सुई हमखास बाहेर आहे असं नाही, बारीक शीर चेपूनही असं होतं. निर्णय सिस्टरचा किंवा डॉक्टरांचा.

आणि कधी खरोखरच वेगाने पाणी द्यायचं असतं. अपघातात, बाळंतपणात रक्तस्राव झाला तर. तेव्हा चाकी पूर्ण उघडतात आणि अडथळा राहतो तो सुईचा. मीटरभर उंचीला पिवळ्या इंट्राकॅथमधून मिनिटाला साधारण २० मिलिलिटर, निळ्यातून ३६, गुलाबीतून ६०, हिरव्यातून ९०, असे आकडे पाकिटांवर असतात, कंपनीगणिक थोडा फरक. निळ्याऐवजी हिरवी घातली की अडीचपट. तेवढंच उंचीने साधायचं तर बाटली अडीच मीटर वर न्यावी लागेल, छताला! नळीची त्रिज्या दुप्पट झाली तर, बाकी सगळं तसंच असताना, प्रवाह सोळापट होतो. म्हणून रक्तस्रावात डॉक्टर आधी जाड सुई मागतात, उंच स्टँड नंतर. आणि त्याहून घाई असेल तर पिशवीभोवती हवा भरायचा पट्टा गुंडाळतात. त्यात ३०० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब भरला तर तो चार मीटर उंचीच्या बरोबरीचा झाला.

निफाडची थंडी

शेवटचा मुद्दा आपल्या गावचा. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचं तापमान दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात येतं, कारण राज्यातल्या नीचांकी आकड्यांत निफाड असतंच. थंडीत पाणी दाट होतं, म्हणजे वाहायला जड होतं. वीस अंशांच्या पाण्यापेक्षा दहा अंशांचं पाणी सुमारे तीस टक्के जड वाहतं. संध्याकाळी खोली वीस अंशांवर असताना ४२ थेंब लावले आणि पहाटे खोली दहा अंशांवर गेली, तर उंची तीच, चाकी तीच, तरी थेंब ३२ च्या आसपास येतात. त्यावर बाटली उंच केली, आणि सकाळी ऊन आलं, तर वेग पुन्हा वाढणार. उपाय एकच, मोजा आणि चाकीने जुळवा. बाटली चुलीजवळ किंवा गरम पाण्यात अंदाजाने तापवायची नाही, जास्त गरम पाणी शिरेत जाणं धोक्याचं असतं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.

प्रश्न: बाटली संपली आणि लक्ष गेलं नाही, तर हवा आत जाऊन माणूस दगावतो का?

ही भीती घरोघरी आहे. पाणी संपल्यावर नळीतली पातळी खाली उतरत येते. पण शिरेत दहा सेंटिमीटरचा दाब आहे. नळीतला पाण्याचा खांब हृदयाच्या वर साधारण तेवढा उरला की दोन्ही बाजू सारख्या होतात आणि पाणी थांबतं. म्हणून हाताच्या सलाईनमध्ये, हात खाली असताना, हवा सहसा आत ओढली जात नाही. सहसा म्हणालो, कारण हात डोक्यावर घेतला तर शिरेचा दाब जातो, आणि मानेतल्या मोठ्या शिरेत नळी असेल तर श्वासाबरोबर हवा खेचली जाऊ शकते. तिथे धोका खरा आहे. शिवाय प्रवाह थांबला की सुईत रक्त गोठतं आणि सुई वाया जाते. म्हणून तळाला थोडं पाणी असतानाच चाकी बंद करा आणि सिस्टरना सांगा.

प्रश्न: रुग्णाला संडासला न्यायचं असतं. बाटली कुणी आणि कशी धरायची?

धरणाऱ्याने ती रुग्णाच्या डोक्याच्या वर धरायची. उभ्या माणसाच्या छातीच्या पातळीला बाटली आली की कामाची उंची शून्याखाली जाते आणि नळीत रक्त चढतं. रुग्णाने स्वतःच बाटली कमरेशी धरून चालत जाणं, त्यात हेच होतं. थोड्या वेळापुरती डॉक्टरांनी चाकी बंद करायला सांगितली असेल तर ते सगळ्यात बरं. परत आल्यावर उघडायची आणि थेंब नव्याने मोजायचे.

प्रश्न: आमच्या गाईला व्याल्यानंतर कॅल्शियमची बाटली लावली होती. पशुवैद्य बाटली हातात धरून सारखी वर-खाली करत होते. ते का?

फार चांगला प्रश्न. दुग्धज्वरात गाईच्या मानेच्या शिरेत कॅल्शियम देतात, साधारण ४५० मिलिलिटरची बाटली. तिथे सुई जाड, आणि वेग ठरवायला पुष्कळदा हातातली उंचीच वापरतात. ती बाटली हीच चाकी. कॅल्शियम वेगाने गेलं तर गाईच्या हृदयाचे ठोके बिघडतात, हृदय थांबूही शकतं. म्हणून पशुवैद्य एका हाताने स्टेथोस्कोप लावून ठोके ऐकतात, आणि ठोके चुकायला लागले की बाटली खाली घेतात. बाटली शिरेच्या पातळीजवळ आली की प्रवाह थांबतो. दहा मिनिटांपेक्षा घाईने ती द्यायची नसते. बाटली धरायला तुम्हाला सांगितलं असेल तर हात दुखतो म्हणून उंची बदलू नका, आणि लवकर आटपावं म्हणून वर तर मुळीच उचलू नका.

प्रश्न: मोठ्या दवाखान्यात पंप असतो. त्याला उंची लागत नाही का?

इन्फ्युजन पंप नळी पिळून किंवा सिरिंजचा दांडा ढकलून ठरावीक मिलिलिटर पुढे पाठवतो. तासाला चाळीस म्हटलं की चाळीसच, खाट वर असो की खाली. दाब सांभाळणाऱ्या ड्रीपरचं काम तो करतो. म्हणून हृदयाची, ब्लडप्रेशरची जोखमीची औषधं पंपावर देतात. पण पंप काढताना नळीची चाकी आधी बंद करायची असते. ती उघडी राहिली आणि नळी पंपातून सुटली, की पुन्हा राज्य उंचीचं, आणि सगळी पिशवी काही मिनिटांत आत जाऊ शकते. सिरिंजचा पंपही रुग्णाच्या फार वर ठेवत नाहीत, त्याचं कारणही हेच.

प्रश्न: मग स्टँडची योग्य उंची किती, एक आकडा सांगा.

हृदयापासून बाटलीपर्यंत साधारण एक मीटर. त्याने चाकीला जुळवायला पुरेसा दाब मिळतो आणि खाट थोडी हलली तरी फरक लहान राहतो. बाटली फक्त चाळीस सेंटिमीटर वर असेल, तर कामाची उंची पंचवीस, आणि रुग्णाने कूस बदलून दहा सेंटिमीटरचा फरक पडला तरी वेग चाळीस टक्क्यांनी बदलतो. मीटरभर उंचीला तोच दहा सेंटिमीटरचा फरक बारा टक्क्यांचा होतो. एकदा चाकी लावल्यावर उंची तीच ठेवायची, आणि काहीही हललं की घड्याळ हातात घेऊन एक मिनिट थेंब मोजायचे.